फोटोतली असमानता सोडवून ग्रुपवर टाकायचा मेसेज: काय ठेवावं, काय काढावं?

खाडीपल्याड (गुहागर तालुका)

आमच्या वाडीतल्या आणि आजूबाजूच्या अकरावीच्या मुलांचा व्हॉट्सॲपवर एक अभ्यासगट आहे. कॉलेज तालुक्याला. पावसात संध्याकाळची एसटी रखडली की क्लास बुडतो, म्हणून अशी रीत पडली आहे की जेवणं झाल्यावर ज्याला जे अडलंय त्याचा त्याने फोटो टाकायचा आणि ज्याला येतंय त्याने सोडवून छोटा मेसेज टाकायचा. बऱ्याचदा तो मीच टाकतो.

काल एका मुलाने वहीच्या पानाचा फोटो टाकला. लाइट गेलेली, टॉर्चच्या उजेडातला फोटो, अक्षर पेन्सिलीचं. गणित असं:

(x + 3)/(x − 2) ≤ 2

त्याने x − 2 ने दोन्ही बाजूंना गुणून x + 3 ≤ 2x − 4 आणि त्यावरून x ≥ 7 असं उत्तर काढलं होतं. गटातल्या एका मुलीने विचारलं, "x = 0 घातला तर 3/(−2), म्हणजे −1.5 येतं. ते 2 पेक्षा लहानच आहे. मग 0 उत्तरात का नाही?" प्रश्न एकदम बरोबर. त्यावर मी हा मेसेज टाकला:

> १. छेद शून्य चालणार नाही, म्हणून x ≠ 2.
> २. उजवीकडचा 2 डावीकडे घ्या: (x + 3)/(x − 2) − 2 ≤ 0
> ३. छेद एक करा: (x + 3 − 2x + 4)/(x − 2) ≤ 0, म्हणजे (7 − x)/(x − 2) ≤ 0
> ४. −1 ने गुणा, चिन्ह उलटेल: (x − 7)/(x − 2) ≥ 0
> ५. 2 आणि 7 मुळे रेषेचे तीन तुकडे. 2 च्या डावीकडे अंश-छेद दोन्ही ऋण, भागाकार धन. मध्ये ऋण. 7 च्या उजवीकडे धन.
> ६. x = 7 ला शून्य येतं, ते चालतं. 2 नाही.
> उत्तर: x < 2 किंवा x ≥ 7

आता मुलांचं म्हणणं असं की पायऱ्या कळल्या, पण "सरळ गुणलं तर बिघडलं काय" हे यात कुठेच नाही. लांबलचक लिहिलं तर कोणी वाचत नाही, हाही अनुभव आहे. या मेसेजात काय घालाल आणि काय काढाल?

---

सुशेगात_सावंतवाडी

एवढं कशाला लिहायचं? x + 3 = 2(x − 2), म्हणून x = 7. दोन ओळींचं गणित आहे हो. पडताळा: 10/5 = 2. बरोबर आलं.

---

खाडीपल्याड

हे समीकरणाचं उत्तर झालं. इथे "बरोबर २ कधी होतं" असं विचारलेलं नाही. "२ किंवा त्याहून कमी कुठे कुठे राहतं" हा प्रश्न आहे. x = 10 घातला तर 13/8, तेही चालतं.

---

दापोलीच्या_बाई

सुशेगात यांचं काम वाया गेलेलं नाही. ७ हा सीमेवरचा आकडा आहे, आणि तो त्यांनी दोन ओळींत काढून दिला. फक्त सीमा सापडली म्हणजे जमीन सापडली असं होत नाही. कुठल्या बाजूची आपली, ते अजून बघायचं राहतं. शिवाय या गणिताला दुसरीही एक सीमा आहे, x = 2. समीकरण सोडवून ती कधीच दिसणार नाही, कारण तिथे डावी बाजू अस्तित्वातच नाही.

आता मेसेजबद्दल. मी बरीच वर्षं गणित शिकवलं, त्यावरून सांगते. तुमच्या पायरी १ आणि २ च्या मध्ये एक वाक्य हवं: "x − 2 धन आहे की ऋण ते माहीत नाही, म्हणून त्याने गुणायचं नाही." बस. मुलगा अडला तो इथेच. त्याने गुणलं त्या क्षणी x − 2 धन आहे असं नकळत धरलं. म्हणजे x > 2 धरलं. म्हणून त्याला २ च्या उजवीकडचं उत्तर मिळालं, आणि ते तिथल्यापुरतं अगदी खरं आहे! डावीकडचं सगळं उत्तर त्या एका गुणाकारात बुडालं. त्या मुलीने नेमका ० घालून बघितला, तो बुडालेल्या भागातला. तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

---

देवगडहापूस

बाई म्हणतात ते पटलं, पण मग गुणायचंच नाही असं कशाला? दोन भाग करा. आम्हाला असंच शिकवलं होतं.

भाग १: छेद धन. x + 3 ≤ 2x − 4, म्हणून x ≥ 7.
भाग २: छेद ऋण, चिन्ह उलटं. x + 3 ≥ 2x − 4, म्हणून x ≤ 7.

दोन्ही मिळून x ≥ 7 किंवा x ≤ 7. म्हणजे २ सोडून सगळ्या संख्या. खाडीपल्याड, तुमचं उत्तर मला अपुरं वाटतंय.

---

अकरावी_ब

काका, x = 3 घाला. 6/1 = 6. सहा हे दोनपेक्षा कमी कसं?

---

देवगडहापूस

हां... ३ नाही चालत खरं. पण भाग २ मध्ये चुकलं कुठे? चिन्ह तर उलटलंय.

---

दापोलीच्या_बाई

भाग पाडणं बरोबर, चिन्ह उलटणंही बरोबर. भाग २ ची अट शेवटपर्यंत सोबत ठेवली नाहीत, एवढंच. भाग २ सुरू झाला तोच "छेद ऋण" म्हणत, म्हणजे x < 2 असतानाच. त्यात x ≤ 7 मिळालं. आता दोन्ही एकत्र खरं कधी? x < 2 असेल तेव्हा. म्हणजे भाग २ चं उत्तर x < 2 इतकंच. भाग १ मध्येही x > 2 ही अट होती, पण तिथे x ≥ 7 आल्यावर ती आपोआप पाळली गेली, म्हणून तिची आठवण राहिली नाही तरी निभावलं. भाग २ मध्ये निभावलं नाही.

पेपर तपासताना ही चूक मी इतकी पाहिली आहे की मुलांना मी भागाच्या डोक्यावरच अट लिहायला लावायचे आणि भागाचं उत्तर लिहिताना त्या ओळीकडे बोट ठेवायला सांगायचे.

---

मालवणी_माणूस

माका ह्यातला गणित काय येना नाय, पण माझ्या चेडवाच्या ग्रुपार अशीच गजाल झाली. फोटो हललेलो, म्हणान कोणीतरी गणित टाइप करून टाकल्यान. कंसच नाय घातल्यान! असा:

x + 3/x − 2 ≤ 2

अर्ध्या पोरांनी ता तसाच सोडवल्यानी, आणि अर्ध्यांनी फोटो बघून. रात्री साडेअकरा वाजेपर्यंत भांडण, कोणाचा बरोबर. तुमच्या मेसेजात कंस आसत, ता बरा आसा.

---

नाखवा_निवृत्त (रत्नागिरी)

मालवणी_माणूस, गणित येत नाही म्हणता आणि मुद्द्याचं तुम्हीच बोललात. वहीत अपूर्णांक वर-खाली असतो. आडवी रेघच कंसाचं काम करते. मोबाइलवर तो एका ओळीत आला की रेघ गेली, कंसही गेले. मग x + 3/x − 2 याचा अर्थ होतो: x, अधिक तीन भागिले x, वजा दोन. ते वेगळंच गणित आहे. x = 3 घालून बघा. तुमच्या मुलीच्या ग्रुपवर टाइप झालेल्या गणितात 3 + 1 − 2 = 2 येतं, म्हणजे ३ चालतो. फोटोतल्या गणितात 6/1 = 6 येतं, ३ चालत नाही. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर असणार, आणि म्हणूनच भांडण मिटलं नसणार.

दुसरं, व्हॉट्सॲपवर गुणाकाराला स्टार वापरू नका. दोन स्टार एका ओळीत बसले की मधला मजकूर ठळक होतो आणि स्टार दिसेनासे होतात. २ गुणिले x हवं तर सरळ 2x लिहा, कंसाला कंस चिकटवा.

आता मूळ गणिताची माझी वाट. मी बोटीवर इंजिनात आयुष्य काढलं, मला भाग पाडत बसायचा कंटाळा. x − 2 चं चिन्ह माहीत नाही? मग त्याच्या वर्गाने गुणा. वर्ग ऋण होऊच शकत नाही:

(x + 3)(x − 2) ≤ 2(x − 2)²
(x − 2)(x + 3 − 2x + 4) ≤ 0
(x − 2)(7 − x) ≤ 0

चिन्ह उलटायची भानगड नाही, भाग नाहीत. x ≤ 2 किंवा x ≥ 7. त्यातून २ वगळा, कारण छेद शून्य.

---

अकरावी_ब

आजोबा, हे भारी आहे. पण २ वगळायचा हे शेवटी लक्षात नाही राहिलं तर?

---

नाखवा_निवृत्त

तर मार्क गेला. या रीतीचा तोच खड्डा आहे. वर्गाने गुणलं की छेद नाहीसा होतो, आणि छेदासोबत "इथे यायचं नाही" ही पाटीही जाते. म्हणून खाडीपल्याड यांची पायरी १ मला आवडली. x ≠ 2 आधी लिहून ठेवायचं, मग पुढे कुठलीही वाट धरा.

---

अकरावी_ब

अजून एक शंका. फोटो टॉर्चवर काढलेला, पेन्सिलीचा. मग ते ≤ आहे की < हे तुम्ही कसं ठरवलंत? मी पण आखीव वहीत लिहितो आणि वहीची रेघ नेमकी चिन्हाखाली येते.

---

खाडीपल्याड

मी फोटो मोठा करून पाहिला आणि ≤ धरलं, पण खात्रीने सांगू शकत नाही. वहीची रेघ तिथूनच जाते हे खरं आहे. मुलाने उत्तरात x ≥ 7 लिहिलं होतं, त्यावरून मूळ चिन्हालाही बरोबरची रेघ असावी असा अंदाज बांधला.

---

दापोलीच्या_बाई

तो अंदाज पक्का नाही. त्यालाही ती वहीचीच रेघ तशी दिसली असू शकते. त्यापेक्षा चिन्हाकडेच बघा. वहीची छापील रेघ पानभर जाते, चिन्हाच्या दोन्ही बाजूंना पुढे दिसते. मुलाने काढलेली रेघ चिन्हाएवढीच असते, बहुधा थोडी तिरपी आणि टोकाला जाड. त्याच पानावर दुसरीकडे त्याने "बरोबर" किंवा ≥ कसं काढलंय ते ताडून बघा. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, पण एका मुलाचा हात एका पानावर फारसा बदलत नाही.

मुलांना आणखी एक सांगा. फोटो पाठवताना ते स्कॅनचं काळं-पांढरं करणारं फिल्टर लावतात, कारण तसं पान स्वच्छ दिसतं. त्यात वहीची निळी रेघ आणि पेन्सिल दोन्ही काळ्या होतात, आणि फरक करायला जे होतं तेच जातं. साधा रंगीत फोटो चांगला. शिवाय फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. बारीक अक्षर असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

---

नाखवा_निवृत्त

या खालच्या रेघेवरून एक अवांतर, बाई रागावू नका. < आणि > ही चिन्हं १६३१ साली छापून आली, इंग्लंडच्या थॉमस हॅरियटच्या पुस्तकात, तो गेल्यानंतर दहा वर्षांनी. पण त्यांच्याखाली "बरोबर"च्या रेघा द्यायची पद्धत १७३४ सालची, फ्रान्सच्या पिएर बुगेरची. त्याने दोन रेघा दिल्या होत्या, ≦ अशा. हा बुगेर म्हणजे जहाज कलंडल्यावर परत सरळ होईल की नाही ते ठरवणारा मेटासेंटर ज्याने मांडला तोच. आम्हाला ट्रेनिंगमध्ये मेटासेंटर घोकायला लावला, पण ही रेघ त्याची हे मला निवृत्तीनंतर कळलं. दोन रेघा राहिल्या असत्या तर वहीच्या एका रेघेशी गल्लत झाली नसती!

---

दापोलीच्या_बाई

रागावत नाही. पण मुलांना ≦ काढायला लावू नका, परीक्षकाचा गोंधळ होईल.

खाडीपल्याड, चिन्हाची शंका असेल तर मेसेजातच सांगून टाका. पहिल्या ओळीत "मी फोटोत असं वाचलं" म्हणून गणित टाइप करायचं आणि शेवटी एक ओळ: "चिन्ह नुसतं < असेल तर उत्तरातून फक्त 7 जाईल." या दोन वाचनांतला सगळा फरक तेवढाच आहे. x < 2 हा भाग दोन्हीकडे तसाच राहतो, आणि २ तर दोन्हीकडे बाहेरच. पुन्हा सगळं गणित सोडवायची गरज नाही.

---

देवगडहापूस

बाई, एक विचारतो. पायरी ५ मध्ये तीन तुकड्यांची चिन्हं काढली आहेत. त्याऐवजी प्रत्येक तुकड्यातला एक आकडा घालून बघितला तर? 0, 3, 10. पोरांना ते सोपं जाईल. पण एकाच आकड्यावरून सगळ्या तुकड्याचं कसं ठरवायचं, हे मला कधीच पटलं नाही. ३ ला नाही चाललं, पण ६.९ ला चालत नसेल कशावरून?

---

दापोलीच्या_बाई

चांगला प्रश्न. (x − 7)/(x − 2) याचं चिन्ह बदलायचं असेल तर अंशाचं बदलावं लागेल किंवा छेदाचं. x − 7 चं चिन्ह फक्त ७ ओलांडताना बदलतं. x − 2 चं फक्त २ ओलांडताना. दोन आणि सातच्या मध्ये तुम्ही कितीही फिरा, या दोन्हींपैकी काहीच ओलांडलं जात नाही. म्हणून ३ ला जे चिन्ह तेच ६.९ ला. हवं तर 6.9 घालून बघा: मूळ गणितात 9.9/4.9, दोनच्या किंचित वर. अजूनही चालत नाही, पण सीमेच्या जवळ आल्याचं दिसतं.

म्हणजे तुमची 0, 3, 10 ही रीत ठीक आहे, आणि मी तर म्हणेन आकडे मूळ गणितातच घाला, सोडवून आलेल्या रूपात नको. −1 ने गुणताना चिन्ह उलटायचं राहिलं असेल तर तेही पकडलं जातं. 0 ला −1.5, चालतं. 3 ला 6, नाही. 10 ला 13/8, चालतं. उत्तराशी जुळलं.

पण ती टोकं सांगत नाही. 2 आणि 7 स्वतंत्रच बघावे लागतात.

---

अकरावी_ब

मग माझं हे गणित बघा ना. क्लासमध्ये वेव्ही कर्व्ह शिकवलं. उजवीकडून धन सुरू करायचं आणि प्रत्येक आकड्याला चिन्ह पालटत जायचं.

(x − 1)²(x − 4)/(x + 2) ≤ 0

आकडे −2, 1, 4. उजवीकडून धन, ऋण, धन, ऋण. म्हणून उत्तर x < −2 किंवा 1 ≤ x ≤ 4. मित्राचं उत्तर −2 पासून 4 पर्यंत सलग आलंय. त्याने नक्कीच १ विसरला असेल ना?

---

नाखवा_निवृत्त

मित्र बरोबर आहे. तू ० घाल. (1)(−4)/2 = −2. ऋण आलं, म्हणजे चालतं, आणि तुझ्या उत्तरात ० नाही. आता −3 घाल. 16 × (−7)/(−1) = 112. चालत नाही, आणि तुझ्या उत्तरात आहे.

कारण बाईंनी वर सांगितलंय तेच. चिन्ह तेव्हाच पालटतं जेव्हा ओलांडताना एखाद्या अवयवाचं चिन्ह बदलतं. x − 1 चं १ ला बदलतं, पण इथे त्याचा वर्ग आहे. ऋणाचा वर्ग धन, धनाचा वर्ग धन. १ ओलांडला तरी काही पालटत नाही. लाट तिथे रेषेला टेकते आणि त्याच बाजूला परत जाते. उत्तर −2 < x ≤ 4.

आणि इथे खालच्या रेघेचा खरा इंगा बघ. चिन्ह ≤ आहे म्हणून १ चालतो, तिथे शून्य येतं. नुसतं < असतं तर मधोमध १ चं भोक पडलं असतं.

---

अकरावी_ब

म्हणजे क्लासवाल्यांनी चुकीचं शिकवलं?

---

दापोलीच्या_बाई

बहुतेक वर्गाचं सांगितलं असेल आणि तू त्या दिवशी शेवटच्या बाकावर असशील. किंवा नसेल सांगितलं. ते आपल्याला इथे बसून कळणार नाही.

---

खाडीपल्याड

सगळ्यांचं वाचून मेसेज पुन्हा लिहिला. बघा:

> मी फोटोत असं वाचलं: (x + 3)/(x − 2) ≤ 2
> आधीच लिहून ठेवा: x ≠ 2
> x − 2 धन की ऋण ते माहीत नाही, म्हणून त्याने गुणायचं नाही. गुणलं की x > 2 धरल्यासारखं होतं आणि डावीकडचं उत्तर जातं.
> 2 डावीकडे घ्या: (x + 3)/(x − 2) − 2 ≤ 0
> छेद एक करा: (x + 3 − 2(x − 2))/(x − 2) ≤ 0
> (7 − x)/(x − 2) ≤ 0
> −1 ने गुणा, चिन्ह उलटा: (x − 7)/(x − 2) ≥ 0
> अंश-छेदाचं चिन्ह एकच हवं: दोन्ही ऋण म्हणजे x < 2, दोन्ही धन म्हणजे x > 7. x = 7 ला शून्य येतं, तोही घ्या.
> उत्तर: x < 2 किंवा x ≥ 7
> मूळ गणितात घालून पाहा: 0 ला −1.5 (चालतं), 3 ला 6 (नाही), 10 ला 1.625 (चालतं)
> चिन्ह नुसतं < असेल तर फक्त 7 जाईल.

छेद एक करण्याच्या ओळीत मुद्दाम 2(x − 2) कंसासकट ठेवलंय. आधीच्या मेसेजात मी थेट −2x + 4 लिहिलं होतं, आणि ग्रुपवर दोघांनी विचारलं की +4 कुठून आलं, −4 हवं ना.

---

दापोलीच्या_बाई

छान. कंस ठेवलात ते विशेष बरं केलंत. तिथे −4 झालं की अंशात −x − 1 येतं आणि सीमा ७ ऐवजी −१ होते.

पण −1 ने गुणायची ओळ मी अजूनही काढेन. (7 − x)/(x − 2) ≤ 0 वरूनच बघता येतं: एक धन आणि एक ऋण हवा. ज्या ओळीत चिन्ह उलटावं लागतं ती ओळ टाळता येत असेल तर टाळावी.

---

खाडीपल्याड

इथे माझा नाइलाज आहे बाई. 7 − x कधी ऋण होतं हे विचारलं की आमच्यातली निम्मी मुलं "x ऋण असताना" म्हणतात. x पुढे आला की त्यांचं डोकं चालतं. शिवाय वेव्ही कर्व्हवाल्यांना उजवीकडून धन सुरू करायचं असेल तर x पुढे हवाच.

---

नाखवा_निवृत्त

मी खाडीपल्याड यांच्या बाजूने. उलटायची भीती वाटते म्हणून उलटायचंच नाही, असं केलं तर पेपरात उलटायची वेळ येतेच.

---

दापोलीच्या_बाई

मत नोंदवलं. माझं बदललेलं नाही.

---

मालवणी_माणूस

मेसेज चेडवाक दाखवलंय. ती म्हणता, उत्तर कंसात लिवन दी, पेपरात पर्याय तसेच येतत. माका कंस म्हणजे खयचो ता कळाक नाय.

---

अकरावी_ब

(−∞, 2) ∪ [7, ∞) असं. २ ला गोल कंस कारण तो घ्यायचा नाही, ७ ला चौकोनी कारण तो घ्यायचा. अनंताला कायम गोल. सीईटीत चार पर्यायांपैकी दोन तर फक्त कंसानेच वेगळे असतात कधीकधी.

---

खाडीपल्याड

बरोबर. ती ओळ घालतो. फोटोचं म्हणाल तर मुलाला दिवसाउजेडी रंगीत फोटो मागितलाय, त्याच्याकडे सकाळपासून रेंज नाही.

तोवर ग्रुपवर सरावाला हे टाकलंय, टाइप करून, कंसासकट: (2x − 1)/(x + 4) > 1. अकरावी_ब, तूही बघ.

---

अकरावी_ब

x ≠ −4.
(2x − 1 − (x + 4))/(x + 4) > 0
(x − 5)/(x + 4) > 0
x < −4 किंवा x > 5.

मूळ गणितात −5 घातला: −11/−1 = 11, चालतं. 0 ला −1/4, नाही. 6 ला 11/10, चालतं. ५ नाही घेतला, 9/9 = 1 येतं आणि एक हे एकपेक्षा मोठं नाही. दोन्ही कंस गोल: (−∞, −4) ∪ (5, ∞).